पीएचडीनंतर कंपनीत अर्ज करताय? रेझ्युमे मागे पडतो तो या चुकांमुळे

कंपनीत तुमचा रेझ्युमे पहिल्यांदा उघडणारा माणूस बहुतेक वेळा तुमच्या विषयातला नसतो. तो भरती विभागातला रिक्रूटर असतो. जागा निघाली की तो आणि ज्याच्या हाताखाली काम करायचं आहे तो मॅनेजर मिळून ठरवतात, की या जागेसाठी काय असलंच पाहिजे आणि काय असलं तर बरं. ‘असलंच पाहिजे’ या यादीत साधारण चार-पाच गोष्टी असतात. रिक्रूटर तेवढ्याच शोधतो. त्या दिसल्या तर रेझ्युमे मॅनेजरकडे जातो आणि मॅनेजर वेगळा विचार करतो: येत्या सहा महिन्यांत माझ्या टीमसमोर जे काम आहे, ते ही व्यक्ती उचलेल का? उमेदवार हुशार आहे का, हा प्रश्न या टप्प्यावर कुणाच्याच मनात नसतो. पीएचडी आहे म्हटल्यावर ते गृहीतच धरलेलं असतं.

संशोधकांचे रेझ्युमे मात्र नेमक्या याच न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत बसतात.

एक उदाहरण घेऊ. अँटिबॉडी औषधं बनवणाऱ्या कंपनीत अॅनालिटिकल डेव्हलपमेंट विभागात सायंटिस्टची जागा आहे. जाहिरातीत मागितलंय: एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावर, पद्धती विकसित करणे, त्या विश्वासार्ह आहेत हे दाखवणे, स्टॅबिलिटीचे नमुने तपासणे, अहवाल लिहिणे आणि तयार पद्धत क्वालिटी कंट्रोलकडे सोपवणे. अगदी शेवटी एक ओळ आहे, ‘मास स्पेक्ट्रोमेट्रीचा अनुभव असल्यास उत्तम.’ अर्ज करणारी मेम्ब्रेन प्रोटीनवर पोस्टडॉक करते आणि मास स्पेक्ट्रोमेट्री हा तिचा हातखंडा विषय आहे.

चूक पहिली: स्वतःला ज्याचा अभिमान आहे ते वर, जागेला जे हवं ते खाली

तिच्या रेझ्युमेची पहिली ओळ अशी आहे: ‘प्रगत मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या साहाय्याने मेम्ब्रेन प्रोटीन संकुलाच्या रचनात्मक वैविध्याचा अभ्यास.’ त्याखाली पेपरांची यादी. एचपीएलसी हा शब्द दुसऱ्या पानावर, ‘तंत्रांची ओळख’ या मथळ्याखाली, पीसीआर आणि जेल यांच्या शेजारी बसलेला. रिक्रूटरच्या यादीतली पहिलीच गोष्ट तिथे इतकी दडलेली आहे, की ती नाही असंच धरलं जाण्याची शक्यता जास्त.

आता तिने प्रत्यक्षात काय केलंय ते बघा. प्रत्येक प्रयोगाआधी प्रोटीनचे गठ्ठे तर झाले नाहीत ना, हे ती एचपीएलसीच्या साइज एक्सक्लुजन कॉलमवर, म्हणजे आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या कॉलमवर, तपासायची. सुरुवातीला आलेखातलं प्रोटीनचं शिखर, म्हणजे पीक, मागे शेपटीसारखं लांबायचं आणि जेवढं प्रोटीन कॉलममध्ये घातलं त्यापेक्षा बरंच कमी बाहेर यायचं. प्रोटीन कॉलमला चिकटतंय हे तिने त्यावरून ओळखलं. कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणातलं, म्हणजे मोबाइल फेजमधलं, मिठाचं प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवलं, त्यात थोडं आर्जिनिन घातलं, आणि पीक सरळ झालं, घातलेलं जवळपास सगळं परत मिळू लागलं. मग तिने पद्धत लिहून काढली आणि लॅबमधले आणखी दोन विद्यार्थी तिच्या मदतीशिवाय ती वापरू लागले.

हे सगळं मेथड डेव्हलपमेंटच आहे. शेवटचा भाग तर मेथड ट्रान्सफरचा, लहान प्रमाणावर का होईना, खरा अनुभव आहे. आणि तिच्या रेझ्युमेत याचा एक शब्दही नाही, कारण पेपरमध्ये हे काम पुरवणी माहितीतल्या एका ओळीत संपलं होतं. मला वाटतं, संशोधकांचं सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं: पेपरमध्ये ज्याला जागा मिळाली नाही, ते रेझ्युमेतही लिहायचं त्यांना सुचत नाही.

नव्याने लिहिलेली ओळ अशी असू शकते: ‘प्रोटीनमधील गठ्ठे मोजण्यासाठी एसईसी-एचपीएलसी पद्धत विकसित केली, कॉलमला प्रोटीन चिकटण्याची अडचण मोबाइल फेज बदलून सोडवली, लेखी कार्यपद्धती तयार करून दोन सहकाऱ्यांना प्रशिक्षण दिलं.’ यात काय केलं, काय अडलं, कसं सुटलं आणि पुढे कुणी वापरलं, हे चारही आहे. किती नमुने तपासले, निकाल किती टक्क्यांच्या फरकाने पुन्हा आले, हे आकडे वहीत असतील तर तेही घालावेत. मास स्पेक्ट्रोमेट्री त्यानंतर येऊ दे.

पेपरांचं काय? या जागेसाठी निवडक दोन-तीन पुरेत, पूर्ण यादीची लिंक द्यावी. मात्र जागाच शोधसंशोधनाची असेल, म्हणजे नवं लक्ष्य शोधणं किंवा नवा अल्गोरिदम बनवणं, तर तिथे पेपर वजनदार ठरतात आणि ते वरच हवेत.

चूक दुसरी: उद्योगातले शब्द उसने घेणं

पहिली चूक सुधारताना अनेक जण ही करतात. जाहिरातीतले शब्द उचलून रेझ्युमेत टाकतात. ‘पद्धत व्हॅलिडेट केली’ हे वाक्य त्यातलं सगळ्यात धोक्याचं. लॅबमध्ये तीनदा करून सारखं उत्तर आलं तरी आपण सहज तसं म्हणतो. औषध कंपनीत व्हॅलिडेशन म्हणजे आयसीएच क्यू२ या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे स्पेसिफिसिटी, अचूकता, प्रिसिजन, रेंज अशा गोष्टी, निकष आधी लिहून ठेवून, सिद्ध करणं. मॅनेजरचा पहिलाच प्रश्न असेल, ‘इंटरमीडिएट प्रिसिजन कशी काढलीत?’ वेगळा दिवस, वेगळा माणूस, वेगळं उपकरण, असं काही केलेलंच नसेल तर मुलाखत तिथेच बसते, आणि मग बाकीच्या खऱ्या ओळींवरही संशय येतो.

औषधनिर्मितीच्या दर्जाचे नियम म्हणजे जीएमपी, त्याचंही तसंच. एखादा ऑनलाइन वर्ग केला असेल तर ‘जीएमपी प्रशिक्षण’ असं लिहा, ‘अनुभव’ नको. अनुभव नाही हे मॅनेजरला पोस्टडॉक पाहूनच कळलेलं असतं. त्या जागी तुमची लेखी कार्यपद्धती आणि नोंदींची शिस्त दिसली, तर तो तेवढी उणीव बहुधा समजून घेतो.

चूक तिसरी: पातळी चुकणं

घाबरून रिसर्च असोसिएटच्या जागेला अर्ज केला, तर ही व्यक्ती कंटाळून लवकर जाईल अशी शंका येते. पोस्टडॉकची सगळी वर्षं उद्योगातल्या अनुभवात मोजून प्रिन्सिपल सायंटिस्टला अर्ज केला, तर ‘असलंच पाहिजे’ मधलीच अट अपुरी पडते. पदांची नावं कंपनीगणिक बदलतात, म्हणून नावापेक्षा ‘पीएचडी आणि अमुक वर्षं’ ही ओळ वाचा. पोस्टडॉकची वर्षं धरतात का, हे रिक्रूटरला सरळ विचारता येतं.

कुठे अडतंय ते कसं ओळखाल

नकार काही मिनिटांत किंवा तासाभरात आला, तर बहुधा रेझ्युमे कुणी वाचलेलाच नसतो. अर्जातल्या कामाचा परवाना, अनुभवाची वर्षं अशा प्रश्नांपैकी एखाद्या उत्तरावर तो आपोआप बाद झालेला असतो. रेझ्युमे सुधारून उपयोग नाही, ती उत्तरं तपासा. आठवडे काहीच कळलं नाही, तर पहिली चूक शोधा. दोन रकान्यांच्या किंवा तक्त्यांच्या मांडणीमुळे मजकूर विस्कटतोय का, हेही फाइलमधला मजकूर साध्या टेक्स्टमध्ये चिकटवून बघा. रिक्रूटरच्या फोननंतर गाडी थांबत असेल तर पगार, पातळी किंवा ‘कंपनीत का यायचंय’ याचं उत्तर कुठेतरी जुळत नाही. आणि मॅनेजरशी बोलणं झाल्यावर नकार येत असेल, तर ज्या ओळीवर त्याने दुसरा-तिसरा उपप्रश्न विचारला ती ओळ आठवा. बहुधा तीच तुम्ही केलेल्या कामापेक्षा मोठी लिहिली गेली आहे.