बॅटरी टेस्टरची चिठ्ठी कशी वाचावी: चांगली, काठावरची की बदलायची?

पावसाळ्यात खानापूर तालुक्यात दहा-पंधरा दिवस गाडी एका जागी उभी राहिली की सेल्फ मारताना नुसता ‘टक्’ आवाज येतो. मग धक्का मारून गाडी गॅरेजला जाते. मेस्त्री बॅटरीला दोन चिमटे लावतो, छोट्या यंत्रावर चार बटणं दाबतो, आणि चिठ्ठी बाहेर येते: REPLACE BATTERY. पैसे काढण्याआधी त्या चिठ्ठीवरचे तीन आकडे बघून घ्या: व्होल्ट, यंत्रात भरलेलं रेटिंग आणि यंत्राने मोजलेलं सीसीए.

हे चिठ्ठीवालं यंत्र म्हणजे कंडक्टन्स टेस्टर. ते बॅटरीतून अगदी लहानसा उलटसुलट प्रवाह सोडतं आणि आतल्या प्लेटा तो किती सहज वाहू देतात हे बघतं. प्लेटा झिजल्या, त्यांच्यावर सल्फेटचा थर बसला की हा आकडा उतरतो. त्यावरून यंत्र सीसीएचा अंदाज बांधतं. सीसीए म्हणजे कडाक्याच्या थंडीत बॅटरी सेल्फसाठी किती अँपिअर देऊ शकेल त्याचं माप. हा अंदाज आहे, एवढा प्रवाह प्रत्यक्षात काढलेला नसतो. लोड टेस्टर तो खरोखर काढतो. त्याची जाळी तापते, वास येतो आणि व्होल्टमीटरचा काटा सगळ्यांसमोर खाली येतो.

चाचणीआधी

घाट चढून आलेल्या गाडीची बॅटरी लगेच मोजू नका. आल्टरनेटरने नुकतंच चार्ज केल्यामुळे ती 12.9 व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाखवते, आणि तो आकडा वरवरचा असतो. इंजिन बंद ठेवून हेडलाइट मिनिट-दोन मिनिटं लावा, मग बंद करून पाच मिनिटं थांबा. किल्ली काढा, दारं बंद करा, आतला दिवा विझू द्या. आता 12.6 किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली आहे, 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी. चार्ज करूनही व्होल्टेज 10.5च्या आसपासच राहत असेल तर सहापैकी एक सेल मेला आहे. अशा बॅटरीला पुढची चाचणी लावायची गरज नाही.

टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खरवडून काढा. चिमटे शिशाच्याच भागाला लागले पाहिजेत. लोखंडी बोल्टला धरले तर मधला अवरोध बॅटरीच्या नावावर जमा होतो.

यंत्रात काय भरलं?

खरी गंमत इथे आहे. यंत्र तीन गोष्टी विचारतं: बॅटरीचा प्रकार (साधी, ईएफबी की एजीएम), मापाची पद्धत (एसएई, ईएन, डीआयएन, जेआयएस) आणि रेटिंगचा आकडा. आपल्याकडे दुकानात ‘डीआयएन 50’, ‘डीआयएन 60’ अशी नावं चालतात. ते नाव बॅटरीच्या डब्याच्या आकाराचं. लेबलवरचं सीसीए मात्र बऱ्याचदा ईएन किंवा एसएई पद्धतीचं असतं. डीआयएन पद्धत जास्त कडक आहे, त्यामुळे त्याच बॅटरीचा आकडा त्या पद्धतीत ईएनच्या साधारण 60 टक्केच येतो. घाईत ‘डीआयएन बॅटरी, म्हणून डीआयएन’ असं बटण दाबलं की धडधाकट बॅटरीही नापास. सीसीएच्या जागी अँपिअर-अवरचा आकडा भरला तर उलट होतं, मरायला टेकलेली बॅटरीही पहिल्या नंबराने पास होते.

निपाणीच्या एखाद्या शिक्षकांची गाडी उदाहरणाला घेऊ. बॅटरी 50 अँपिअर-अवरची, लेबलवर 450 सीसीए, ईएन. गाडी पंधरा दिवस उभी होती. पहिली चिठ्ठी: 12.22 व्होल्ट, डीआयएन, रेटिंग 450, मोजलेलं 235, निकाल REPLACE BATTERY. “संपली की हो बॅटरी, सर,” मेस्त्री म्हणतो. सर लेबल दाखवतात. “मेस्त्री, हे ईएन आहे, तेवढं बदलून परत लावा की.” दुसऱ्या चिठ्ठीत व्होल्ट तेवढेच, पण मोजलेलं 392 आणि निकाल GOOD-RECHARGE. बॅटरी तीच, चिमटेही जागचे हलले नाहीत.

निकालांचा अर्थ

GOOD BATTERY आणि व्होल्टही 12.4च्या वर, तर विषय संपला. सेल्फचा त्रास केबल, अर्थिंग किंवा स्टार्टरमध्ये शोधा. GOOD-RECHARGE म्हणजे प्लेटा ठीक, पोट रिकामं. CHARGE & RETEST म्हणजे यंत्राने निकाल दिलेलाच नाही. चार्ज इतका कमी आहे की अशक्त आणि उपाशी यातला फरक त्याला कळेना. गॅरेजमध्ये याच ओळीवर बॅटऱ्या बदलल्या जातात, ते चूक आहे. BAD CELL-REPLACE मात्र ऐकावं.

चार्ज करायचं म्हणजे तासभर गाडी फिरवून आणणं नव्हे. 50 अँपिअर-अवरच्या बॅटरीला साधारण 5 अँपिअरवर रात्रभर चार्जर लावा, सकाळी काढा, दोन-तीन तास विश्रांती द्या. मग पुन्हा मोजा. वरच्या उदाहरणात 12.66 व्होल्ट आणि 428 आलं, म्हणजे बॅटरी उत्तम. त्याऐवजी पूर्ण चार्जनंतर 330 आलं असतं, म्हणजे रेटिंगच्या तीन-चतुर्थांशाच्या आत-बाहेर, तर ती काठावरची. पास-नापासची रेघ प्रत्येक कंपनीच्या यंत्रात थोडी वेगळी असते, म्हणून अशा वेळी लोड टेस्ट लावून घ्यावी. 250 आलं असतं तर मी वाद न घालता बदलली असती.

लोड टेस्ट

बॅटरी 12.4च्या वर असेल तरच ही चाचणी करा. रिकाम्या बॅटरीवर केली तर ती नापास होणारच. भार सीसीएच्या निम्मा, म्हणजे इथे 225 अँपिअर, आणि वेळ 15 सेकंद. पंधराव्या सेकंदाला 21 अंश तापमानात व्होल्टेज 9.6च्या वर हवं. डिसेंबरातल्या बेळगावच्या गार सकाळी 9.5 धरलं तरी चालेल. 10च्या वर स्थिर राहिली तर निर्धास्त. 9.6 ते 10च्या मध्ये असेल तर काट्याची चाल बघा. एकदा खाली येऊन थांबला तर अजून काही महिने काढेल, पण शेवटच्या सेकंदापर्यंत घसरतच राहिला तर पुढच्या पावसाळ्याची आशा नको. बऱ्याच गॅरेजमध्ये एकच ठरावीक 100 अँपिअरचा टेस्टर असतो. तो 10 सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये, आणि वाचताना डायलवर आपल्या सीसीएचीच पट्टी बघावी. भार बंद केल्याशिवाय चिमटा काढू नका. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि एक ठिणगी पुरते.

कधी कंडक्टन्स टेस्टर GOOD म्हणतो आणि लोड लावताच व्होल्टेज एकदम 5-6वर कोसळतं. दोन सेलांमधला जोड आतून तडकलेला असतो. लहानसा प्रवाह त्यातून जातो, सेल्फचा जात नाही. अशा वेळी लोड टेस्टरचं खरं मानायचं.

दोन्ही यंत्रं एक गोष्ट मोजत नाहीत: बॅटरी किती वेळ पुरेल. इंजिन बंद करून अर्धा तास टेप लावला आणि गाडी उठली नाही, पण दोन्ही चाचण्या पास, असं झालं तर बॅटरीवाल्याकडे डिस्चार्ज टेस्ट मागा. बॅटरी आदल्या दिवशीच पोचवा, कारण आधी ती पूर्ण चार्ज करावी लागते आणि मग संथपणे उतरवायला तासन् तास जातात.