पंखादुरुस्तीच्या व्हिडिओची स्क्रिप्ट लिहिताना या चुका टाळा

पंखा हाताने सहज फिरतो, पण बटण दाबल्यावर नुसता गुणगुणतो किंवा ढकलल्याशिवाय सुरूच होत नाही. अशा वेळी बहुतेक करून कॅपॅसिटर गेलेला असतो. तो बदलायचं काम छोटं आहे, पण त्याच्या व्हिडिओची स्क्रिप्ट अनेकदा अशी लिहिलेली असते:

«वरचा कप सैल करून खाली घ्या. कॅपॅसिटर दिसेल, त्याच्या दोन वायर कापा. त्याआधी मेन स्विच बंद केलाय ना, याची खात्री करा. आता टेस्टर घ्या...»

या चार वाक्यांत दोन चुका आहेत, आणि दोन्ही क्रमाच्याच.

पहिली चूक हत्यारांची. ऐकणारा शिडीवर आहे, एका हाताने कप धरलाय आणि फोन खाली टेबलावर वाजतोय. टेस्टर घ्या म्हटलं की तो कप तसाच लोंबकळत सोडून उतरणार, नाहीतर टेस्टरशिवायच पुढे जाणार. म्हणून सगळं सामान शिडीवर चढण्याआधी सांगायचं: टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, इन्सुलेशन टेप आणि पक्की, न डगमगणारी शिडी. खुर्चीवर स्टूल नको, हेही इथेच.

नवा कॅपॅसिटर मात्र या यादीत सरळ बसत नाही. घरच्या पंख्यात बऱ्याचदा 2.5 मायक्रोफॅरडचा असतो, पण काहींत 3.15 चाही असतो, आणि खरा आकडा जुन्यावर छापलेला. तो कप उघडल्याशिवाय दिसत नाही. इथे स्क्रिप्टने प्रामाणिकपणे सांगावं की मध्ये दुकानात जावं लागेल. जुना काढा, उघड्या टोकांना वेगवेगळी टेप लावा, एमसीबी बंदच ठेवून तिथे चिठ्ठी चिकटवा आणि जुना कॅपॅसिटर सोबत नेऊन त्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा आणा. बीएलडीसी पंख्याची मोटर इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालते, त्याला ही कृती लागू नाही, तेही सुरुवातीलाच सांगून टाकायचं. कप उघडल्यावर ते कळून काय उपयोग?

दुसरी चूक जास्त धोक्याची. ‘त्याआधी’ असं म्हणेपर्यंत वायर कापून झालेली असते. लोक वाक्य संपायची वाट पाहत नाहीत, क्रियापद ऐकलं की हात चालतो. त्यामुळे इशारा त्या कृतीच्या आधीच्या वाक्यात हवा, आणि त्याच्यासाठी चित्रात थोडं थांबायला हवं.

यावर उपाय म्हणून काहीजण सगळे इशारे पहिल्या अर्ध्या मिनिटात उरकतात. तेही चालत नाही. चौथ्या मिनिटाला वायर हातात येईपर्यंत ते विसरलेले असतात. वीज बंद करण्याची सूचना सुरुवातीला, आणि वायरला हात लावायच्या बरोबर आधी टेस्टरची तपासणी, असे दोन वेगळे टप्पे ठेवा.

‘काळजी घ्या’ हे वाक्य तर काढूनच टाका. काय होऊ शकतं आणि काय करायचं, ते सांगा. आपल्याकडे पंखा अनेक घरांत इन्व्हर्टरवर असतो. मेन पाडला तर इन्व्हर्टर चालू होतो आणि पंख्याच्या वायरमध्ये वीज तशीच राहते! भिंतीवरचं बटण बंद करणंही पुरेसं नाही, कारण वायरिंग चुकलं असेल तर बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज पंख्यापर्यंत पोचलेलाच असतो.

आता तोच भाग पुन्हा लिहू:

«पंख्याचा एमसीबी खाली करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, नाहीतर मेन पाडूनही पंख्यात वीज राहील. पण त्याआधी टेस्टर चालू सॉकेटवर लावून दिवा लागतो ना, बघून घ्या. (इथे थांबा.) पंखा पूर्ण थांबला की कप खाली घ्या. कशालाही हात न लावता प्रत्येक जोडावर टेस्टर लावा. एकाही ठिकाणी दिवा लागला तर खाली उतरा, काम इलेक्ट्रिशियनकडे द्या. दिवा नसेल तर जोडण्यांचा फोटो काढा. कॅपॅसिटरमध्ये साठलेली वीज उरू शकते, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी बोट लावू नका. आता जुन्या वायर सोडवा.»

हे लिहिताना माझ्याही लक्षात आलं की ‘पण त्याआधी’ इथेही घुसलंच. टेस्टरचं वाक्य एमसीबीच्या आधी गेलं पाहिजे, कारण एमसीबी पाडल्यावर त्या खोलीत चालू सॉकेट कुठून मिळणार? असं प्रत्येक ‘त्याआधी’ शोधून काढा आणि वाक्य उचलून वर न्या.

फोटोची सूचनाही कापण्याच्या आधीच हवी. फोटो नसेल तर वायर चुकीच्या ठिकाणी जोडली जाते आणि पंखा उलटा फिरतो, हवा खाली येत नाही. असं झालं तर पुन्हा वीज बंद करून, टेस्टर लावून, मगच जोडणी तपासायला सांगा.

स्क्रिप्ट तपासायला एखाद्याला ती मोठ्याने वाचून दाखवा आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबा. त्या क्षणी त्याच्या हातात काय आहे आणि वायरमध्ये वीज आहे का, हे त्याला सांगता आलं नाही, तर त्या वाक्याआधी काहीतरी राहिलेलं आहे.