ओटीपी असूनही बेटिंग खातं रिकामं कसं होतं? या चुका टाळा

ओळखीतल्या एकाला सामना सुरू असताना एसएमएस आला: "तुमचं विथड्रॉल रोखलं आहे. दोन तासांत पडताळणी करा, नाहीतर विनंती रद्द होईल." आदल्याच दिवशी त्याने खरोखर पैसे काढायला टाकले होते, त्यामुळे त्याला शंका आली नाही. लिंक उघडली तर पान रोजच्यासारखंच. युजरनेम-पासवर्ड टाकला, लगेच कंपनीचा ओटीपी आला, तोही टाकला. पानावर उमटलं, "कोड चुकीचा आहे, नवा पाठवत आहोत." दुसरा कोड आला, तोही टाकला. मग हिरव्या अक्षरांत "पडताळणी पूर्ण" दिसलं आणि गडी पुन्हा सामना बघायला लागला.

रात्री लॉगिन होईना. मी त्याला ते दोन्ही ओटीपीचे मेसेज मोठ्याने वाचायला सांगितले. पहिल्यात लिहिलं होतं, लॉगिनसाठी. दुसऱ्यात लिहिलं होतं, नवीन मोबाइल क्रमांक जोडण्यासाठी.

"अरे, हे मी वाचलंच नाही रे. नुसते सहा आकडे बघितले."

अशा खात्यांत पैसे गेल्यावर लोक आधी "साइट हॅक झाली" म्हणतात. इथे साइटचं काहीच बिघडलेलं नव्हतं. खोटं पान मधल्या दलालासारखं काम करत होतं. त्याने पासवर्ड टाकला की ते पान तोच पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकत होतं. त्यामुळे आलेला ओटीपी अगदी अस्सल होता. तो त्याने आपल्या हाताने दलालाला दिला आणि चोर आत गेला. आत गेल्यावर मोबाइल नंबर बदलायला आणखी एक ओटीपी लागतो, म्हणून "कोड चुकीचा" ही थाप. पहिला कोड चुकलेला नव्हता, तो वापरून झाला होता.

चूक पहिली: ओटीपीचे आकडे वाचणं, मेसेज न वाचणं

बहुतेक साइट ओटीपीच्या मेसेजमध्ये तो कशासाठी आहे ते लिहितात: लॉगिन, पासवर्ड बदल, नवीन बँक खातं, विथड्रॉल. फोनच्या वरच्या पट्टीत मेसेज अर्धाच दिसतो आणि कीबोर्ड तो कोड आपोआप सुचवतो, त्यामुळे बाकीचा मजकूर कुणी उघडतच नाही. आपण जे करतोय आणि मेसेजमध्ये जे लिहिलंय ते जुळत नसेल, तर तिथेच थांबायचं. एकाच लॉगिनला दुसऱ्यांदा कोड मागितला गेला तर पान बंद करून साइटचं अ‍ॅप स्वतः उघडायचं. खरंच काही अडलेलं असेल तर ते तिथेही दिसेल.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे मेसेजचा धागा. एसएमएस पाठवणाऱ्याचं नाव खोटं लावता येतं आणि फोन नावावरूनच मेसेज एकत्र लावतो. त्यामुळे खोटा मेसेज खऱ्या कंपनीच्या जुन्या मेसेजांच्या खालीच येऊन बसू शकतो. "वर त्यांचेच मेसेज आहेत ना" याला पुरावा धरू नका.

चूक दुसरी: पत्ता डावीकडून वाचणं

समजा तुमची साइट `mysite.example` आहे आणि मेसेजमधली लिंक अशी आहे:

```
https://mysite.example.payout-verify.test/login
```

डावीकडून वाचलं की ओळखीचं नाव आधी दिसतं आणि मन निर्धास्त होतं. पत्त्याचा मालक मात्र `https://` नंतरच्या पहिल्या तिरक्या रेषेच्या अगदी आधी असतो. इथे तो आहे `payout-verify.test`. त्याच्या डावीकडे मालक हवं ते नाव लावू शकतो, जसं कुणीही स्वतःच्या घराच्या खोलीवर बँकेची पाटी लावू शकतो. फोनवर तर जागा कमी असल्याने पत्ता कापलेला दिसतो, म्हणून पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवून तो पूर्ण बघावा लागतो. कुलपाच्या चिन्हाचा इथे काही उपयोग नाही. जोडणी गुप्त आहे एवढंच ते सांगतं, पलीकडे कोण बसलंय ते नाही.

डोळ्यांपेक्षा हे काम पासवर्ड मॅनेजर चांगलं करतो. तो साठवलेला पासवर्ड त्या ठरावीक पत्त्यावरच भरतो. खोट्या पानावर तो गप्प बसतो. लोक नेमकं इथेच घसरतात: "आज ऑटोफिल चालत नाहीये वाटतं" असं म्हणून मॅनेजर उघडतात, पासवर्ड कॉपी करतात आणि खोट्या पानावर पेस्ट करतात. कधीकधी खरी साइटच लॉगिनचं पान दुसऱ्या पत्त्यावर हलवते आणि तेव्हाही मॅनेजर भरत नाही, हे खरं. पण तेव्हाही अ‍ॅप किंवा स्वतः साठवलेला बुकमार्क उघडून बघायला अर्धं मिनिट लागतं.

चूक तिसरी: दुसरीकडचाच पासवर्ड इथे

फिशिंगची एवढी खटपट न करताही खाती उघडतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ड्राफ्टकिंग्ज या बेटिंग कंपनीच्या ग्राहकांवर असाच हल्ला झाला. दुसऱ्या साइटवरून फुटलेले युजरनेम-पासवर्ड घेऊन ते या साइटवर एकामागून एक लावून पाहण्यात आले. सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार सुमारे ६०,००० खाती उघडली आणि त्यातल्या सुमारे १,६०० खात्यांतून जवळपास ६ लाख डॉलर गेले. आरोपी अवघा १८ वर्षांचा होता. त्याच्या संगणकावर जवळपास ४ कोटी युजरनेम-पासवर्डच्या जोड्या सापडल्या. पुढे त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला १८ महिन्यांची कैद झाली.

पैसे काढायची रीत बघण्यासारखी आहे. उघडलेल्या खात्यात पैसे काढण्यासाठी आधी चोराचं नवीन साधन जोडायचं. त्यातून ५ डॉलर जमा करायचे, म्हणजे ते साधन "पडताळलेलं" ठरतं. मग सगळी शिल्लक त्याच वाटेने बाहेर. म्हणून आपण न केलेला बारीकसा डिपॉझिट दिसला तर "काहीतरी बोनस असेल" म्हणून सोडू नका. पैसे बाहेर जाण्याआधी मिळणारी तीच खूण असते.

तेव्हा अनेकांनी असंही सांगितलं की चोराने खात्यावर स्वतःच्या फोन नंबरचं टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी पडताळणी, चालू केलं. म्हणजे मालकाने रिकामा ठेवलेला कडी-कोयंडा चोराने वापरला आणि मालकालाच बाहेर ठेवलं. तुमच्या खात्यावर टू-फॅक्टर आज चालू नसेल तर ते चालू करण्याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं.

पासवर्डचं सूत्र सोपं आहे: या खात्याचा पासवर्ड जगात दुसरीकडे कुठेही नको. मॅनेजरनेच तयार केलेला, सोळा-वीस अक्षरांचा. जुन्या पासवर्डच्या शेवटी एक आकडा किंवा @ जोडणं म्हणजे बदल नव्हे, कारण असे फरक लावून बघणं यंत्राला क्षणाचं काम आहे. आणि ज्या ईमेलवर "पासवर्ड विसरलात?"ची लिंक येते, त्या ईमेलचा पासवर्ड याहून वेगळा आणि त्यावरही टू-फॅक्टर. ईमेल गेलं की बाकी सगळं गेलं.

चूक चौथी: टू-फॅक्टरचा जो प्रकार समोर आला तोच निवडणं

एसएमएसचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा नक्की चांगला, पण चोराने मोबाइल कंपनीला फसवून तुमच्या नंबरचं नवं सिम घेतलं तर कोड त्याच्याकडे जातात. (फोनची रेंज अचानक, कारण नसताना गेली आणि परत येईना, तर आधी मोबाइल कंपनीला विचारा.) ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा कोड फोनमध्येच तयार होतो, सिमशी त्याचा संबंध नसतो. मात्र मधल्या दलालापुढे तोही टिकत नाही. खोट्या पानावर टाकला तर ३० सेकंदांच्या आत पुढे सरकवता येतो. तिथे टिकते ती पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये साठवलेली आणि फोनच्या लॉकने उघडणारी किल्ली, कारण ती साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते आणि खोट्या पत्त्यावर चालतच नाही. तुमच्या साइटवर पासकीची सोय असेल तर तीच घ्या, नसेल तर अ‍ॅप.

अ‍ॅप लावल्यावर दोन तक्रारी हमखास येतात. एक, "कोड बरोबर टाकतोय तरी चुकीचा म्हणतं." बहुतेक वेळा फोनचं घड्याळ पुढे-मागे असतं, कारण कोड वेळेवरून निघतो. सेटिंगमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू केला की कोड चालतो. दोन, फोन हरवला किंवा बदलला आणि आत जाता येईना. त्यासाठी चालू करताना साइट बॅकअप कोड दाखवते. ते कागदावर उतरवून घरात ठेवायचे. त्यांचा स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवण्यात काय अर्थ आहे?

लिंकवर माहिती टाकून बसलात तर

इथे क्रम महत्त्वाचा. घाईने आधी पासवर्ड बदलून लोक समाधान मानतात, पण आधीच लॉगिन झालेला चोर पासवर्ड बदलल्यावरही आत राहू शकतो. खऱ्या अ‍ॅपमधून पासवर्ड बदला आणि लगेच "सर्व उपकरणांवरून लॉगआउट" करा. मग पैसे काढण्याची साधनं बघा: अनोळखी बँक खातं, कार्ड किंवा वॉलेट असेल तर काढून टाका. प्रलंबित विथड्रॉल असेल तर रद्द करा, बऱ्याच ठिकाणी ते काही काळ रद्द करता येतं. नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल आपलाच आहे का ते तपासा. त्यानंतर साइटच्या आतूनच सपोर्टला खातं गोठवायला सांगा आणि जोडलेल्या बँकेला कळवा. लॉगिनच होत नसेल तर सपोर्ट आणि बँक हीच पहिली पायरी.

मग ईमेल उघडा आणि फिल्टर बघा. साइटचे मेल थेट कचऱ्यात टाकणारा किंवा दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा नियम चोराने लावलेला असू शकतो. अचानक शेकडो फालतू मेल येऊ लागले असतील, तर त्यांच्या ढिगात विथड्रॉलचा एक मेल दडलेला आहे का ते शोधा.

बेटिंगचं खातं म्हटल्यावर घरी सांगायची पंचाईत असते, म्हणून बरेच जण बँकेला फोन करायलाही उशीर करतात. चोराला तेवढाच वेळ हवा असतो.

आणि मदतीसाठी सोशल मीडियावर कंपनीचं नाव घेऊन तक्रार टाकू नका. माझ्या ओळखीतल्याने ती टाकली, तर तासाभरात कंपनीचा लोगो लावलेले तीन "सपोर्ट एजंट" हजर झाले. एकाने पैसे परत मिळवून द्यायला थोडं शुल्क मागितलं, दुसऱ्याने स्क्रीन शेअर करायला सांगितलं. तिसरा सगळ्यात नम्र होता. त्याला फक्त आत्ता फोनवर आलेला कोड हवा होता.