लग्नात कुणी "ओळखलंस का?" विचारलं तर

कार्यालयात कुणीतरी हात धरून "काय, कसा आहेस?" म्हणतं आणि नाव काही आठवत नाही. पहिली अडचण तू की तुम्ही, हीच. म्हणून कर्ता टाळायचा: "कधी येणं झालं?", "सध्या मुक्काम कुठे?" यात अरे-तुरेही नाही आणि अहो-जाहोही नाही.

मग विचारायचं, "मुलाकडून की मुलीकडून?" त्यावरून निम्मे नातेवाईक बाद होतात. पुढे "इथे ओळखीचं कोण कोण भेटलं?" उत्तरात आलेली नावं, "बंडूकाका, शाळेतली मंडळी" अशी, धागा देतात. "वहिनी कशा आहेत?" मात्र नको; लग्न झालंय की नाही, वहिनी हयात आहेत की नाही, काहीच ठाऊक नसतं.

बायको बरोबर असेल तर "ही माझी बायको" म्हणून थांबावं. समोरचा बहुधा आपणहून नाव सांगतो. हे आधी घरी ठरवलेलं बरं, नाहीतर बायकोच विचारते, "हे कोण?"

थेट "ओळखलंस का?" आलं, तर अंदाजाने नाव ठोकू नये. "चेहरा पक्का लक्षात आहे, नाव निसटलंय" हे लगेच सांगावं. दहा मिनिटं गप्पा मारून झाल्यावर तेच सांगणं फार जड जातं.