सलूनने केस बिघडवले? तक्रारीचं पत्र असं लिहा

केस बिघडले की आपण सलूनला व्हॉट्सअॅपवर लांबलचक मेसेज करतो. त्यातून मालकाला एवढंच कळतं की गिऱ्हाईक चिडलंय. मग तो 'ताई, या एकदा, बघू' असं म्हणतो आणि विषय तिथेच विरतो. काम होतं ते एका पानाच्या पत्राने. काय सांगितलं होतं, काय कापलं गेलं, आता काय हवं आणि कोणत्या तारखेपर्यंत, या चार गोष्टी त्यात हव्यात. बाकीचं सगळं काढून टाकलं तरी चालतं.

एक उदाहरण घेऊनच सांगते. माझी भाची नाशिकला सासरी असते, माहेर भुसावळ. आखाजीसाठी माहेरी आली आणि आठवडाभर आधी, रविवारी १२ एप्रिलला, तिथल्या एका सलूनमध्ये गेली. तिने सांगितलं होतं की टोकं दोन इंच काढा आणि हनुवटीच्या खाली सुरू होणारे लांब लेयर द्या. झालं असं, की तळाचे केस पाचेक इंच गेले, उजवी बाजू डावीपेक्षा आखूड राहिली आणि उजवा लेयर थेट गालाच्या हाडापाशी सुरू झाला. बिल ८५० रुपये, त्यात हेअरकट ३५० आणि लेयर ५००.

आधी ठरवा: दुरुस्ती की पैसे

पत्र लिहायला बसण्यापूर्वी हा निर्णय करावा लागतो, आणि बहुतेक जण इथेच घसरतात. कापलेला केस दुरुस्त करायचा तर तो आणखी कापूनच करता येतो, दुसरा मार्ग नाही. तेव्हा स्वतःला विचारायचं की आणखी कापल्यावर उरणारी लांबी आपल्याला चालेल का. तळ एका बाजूला खाली-वर असेल, टोकांना पायऱ्या पडल्या असतील, दोन लेयर एकमेकांत मिसळत नसतील, तर एखादा इंच देऊन ते सुधारतं. पण नको तिथे आखूड झालेला लेयर कोणाच्याच हातून लांब होत नाही. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात. भाचीचा उजवा लेयर हनुवटीपर्यंत यायला तीन इंच हवेत, म्हणजे सहा महिने.

म्हणून तिच्या पत्रात दोन मागण्या वेगळ्या झाल्या. तळ सरळ करून द्यावा, ही दुरुस्ती. लेयरचे ५०० रुपये परत द्यावेत, कारण ते काम आता सुधारण्यासारखं राहिलेलं नाही. आणि दुरुस्ती ठरल्या तारखेपर्यंत झाली नाही, तर पूर्ण ८५० परत. 'काहीतरी करा' असं लिहिलं की मालक त्याला स्वस्त पडेल ते करतो.

इथे एक सावध सूचना. बरीच सलून अशा वेळी फुकट हेअर स्पा, केराटिन किंवा स्मूदनिंग देऊ करतात. केस गुळगुळीत झाले की वाकडा कट तेवढा उठून दिसत नाही, पण तो वाकडाच राहतो. केराटिन आणि स्मूदनिंगमध्ये तर आधीच नाराज असलेल्या केसांवर वर रसायन पडतं. नको असेल तर पत्रातच तसं लिहून टाका.

पुरावा पहिल्या दिवशीच गोळा करा

सलूनमधून निघताना केस ब्लो ड्राय करून फुगवलेले असतात, त्यात खाली-वर झालेलं झाकलं जातं. घरी पहिल्यांदा धुवून, काहीही न लावता वाळवल्यावर खरा कट दिसतो. ओल्या केसांचे फोटो मात्र काढू नका, कारण ओले केस लांब दिसतात आणि वाळल्यावर वर चढतात, कुरळे तर फारच.

केस कोरडे असताना बरोबर मधोमध भांग पाडा. तिरका भांग असेल तर एका बाजूचे केस आपोआप आखूड दिसतात आणि सलूनवाले पहिला बचाव तोच करतात. मग ताठ उभं राहून, खांदे सरळ ठेवून समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून फोटो काढून घ्या. कोणाला तरी शिवणकामाचा टेप धरायला सांगा आणि कानाच्या पाळीपासून टोकापर्यंत दोन्ही बाजू मोजा. भाचीची उजवी बाजू साडेचौदा इंच भरली, डावी साडेपंधरा. 'वाकडं कापलं' या शब्दावर वाद घालता येतो, साडेचौदा आणि साडेपंधरावर घालता येत नाही. सोबत आधीच्या दोन-चार दिवसांतला, केस मोकळे असलेला एखादा फोटो शोधा. सलूनमध्ये मोबाइलवर नमुना दाखवला असेल तर तो फोटोही जपून ठेवा.

आणि दुसऱ्या कोणाकडून लगेच केस सारखे करून घेऊ नका. एकदा दुसऱ्या कात्रीचा हात लागला की बिघडलं कोणामुळे, हे सांगता येत नाही. लग्नघर आहे, थांबणं शक्यच नाही, असं असेल तर आधी फोटो आणि मोजमाप उरकून मग जा आणि त्या दुरुस्तीचं बिल घ्या.

बिल दिलं नव्हतं? यूपीआयने दिलेल्या पैशांची नोंद व्यवहार क्रमांकासह चालते. रोख दिले असतील तर पत्रातच बिल मागा. बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

पत्र

पत्र मालकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या नावे लिहा, कारागिराच्या नाही. पैसे परत करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो, आणि सगळा राग त्याच्यावर काढला तर ती रक्कम त्याच्याच पगारातून कापली जाण्याची भीती असते. मला ते बरं वाटत नाही. सलून मोठ्या साखळीतलं असेल तर बिलावर कंपनीचं नाव असतं, तिथेही एक प्रत पाठवा. भाचीचं पत्र असं होतं:

> दि. १३ एप्रिल २०२६
>
> प्रति, मालक / व्यवस्थापक
> (सलूनचे नाव व पत्ता)
>
> विषय: दि. १२ एप्रिल रोजीच्या केस कापण्याच्या सदोष कामाची दुरुस्ती व पैसे परत मिळण्याबाबत.
>
> महोदय,
>
> रविवार, दि. १२ एप्रिल रोजी दुपारी मी आपल्याकडे केस कापून घेतले. बिल क्र. ___, रक्कम रु. ८५० (हेअरकट ३५०, लेयर ५००), यूपीआयने अदा केली.
>
> मी टोके दोन इंच कापण्यास व हनुवटीच्या खाली सुरू होणारे लेयर देण्यास सांगितले होते. प्रत्यक्षात तळाचे केस सुमारे पाच इंच कापले गेले. कानाच्या पाळीपासून उजवी बाजू १४.५ इंच व डावी १५.५ इंच आहे. उजवा लेयर गालाच्या हाडापाशी सुरू होतो. कापण्यापूर्वीचे व नंतरचे फोटो सोबत जोडले आहेत.
>
> माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे. आपल्याकडील अनुभवी कारागिराने शुक्रवार, दि. १७ एप्रिलपर्यंत तळ विनामूल्य सरळ करून द्यावा. त्यासाठी डाव्या बाजूचे एक इंचापेक्षा जास्त केस कापू नयेत व उजव्या बाजूची लांबी कमी करू नये. लेयरचे काम दुरुस्त होण्यासारखे नसल्याने त्याचे रु. ५०० परत करावेत. वरील तारखेपर्यंत दुरुस्ती न झाल्यास पूर्ण रु. ८५० परत करावेत. त्याऐवजी इतर सेवा किंवा कूपन मला नको आहे.
>
> कृपया लेखी उत्तर द्यावे.
>
> आपली,
> (सही, नाव, पत्ता, मोबाइल)

कायद्याची कलमं या पहिल्या पत्रात नाहीत, मुद्दामच. पहिल्याच पत्रात कोर्टाची भाषा आली की मालक वकिलाला फोन लावतो आणि चार दिवसांत मिटणारं प्रकरण लांबतं. 'पैसे द्या, नाहीतर वाईट रिव्ह्यू टाकीन' हेही लिहू नका. खरा अनुभव नंतर लिहायचा तुम्हाला हक्क आहे, पण त्याची धमकी देऊन पैसे मागितले तर उलट तुमच्यावरच बोट येतं. 'लायकी नाही', 'लुटारू' असले शब्दही नकोत.

पोच घ्या

पत्राच्या दोन प्रती काढा. शक्य असेल तर स्वतः जा, एक प्रत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारीख घ्या. पोच द्यायला नकार दिला तर वाद न घालता स्पीड पोस्टने पाठवा. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच सामील झालं आहे. सोबत व्हॉट्सअॅपवरही पत्राचा फोटो टाका, पण फक्त त्यावर विसंबू नका.

दुरुस्तीला बोलावलं तर पत्राची प्रत घेऊन जा. कारागिराला पहिली बट बोटात धरून, किती कापणार ते आरशात दाखवायला सांगा. पटलं तरच 'हां' म्हणा. संपल्यावर ब्लो ड्राय नको, साधे वाळवून मागचा आरसा मागा.

उत्तर आलं नाही तर

दुसऱ्या पत्रात कायदा आणा. बिलावर मुदत दिलेली नसेल तर सदोष सेवेचे पैसे तीस दिवसांत परत न करणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे त्यात एका वाक्यात लिहा. पुढची पायरी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. तिथे तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. जिथे आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे सलून भुसावळचं असलं, तरी भाचीला जळगावला खेटे घालायची गरज नाही, ती नाशिकमध्ये दाद मागू शकते. तरी ८५० रुपयांसाठी तारखांना जाण्यात किती दिवस मोडतील, याचा हिशोब आधी करा. केमिकलने केस जळाले, डोक्याच्या कातडीला इजा झाली, तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टरचा कागद घेऊन जरूर जा.

भरपाईचा आकडाही जपून टाका. दिल्लीतल्या एका हॉटेलच्या सलूनमध्ये २०१८ मध्ये केस फार आखूड कापले गेले, त्याबद्दल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये दोन कोटी रुपये द्यायला सांगितले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेत त्रुटी होती या निष्कर्षाला हात लावला नाही, पण एवढ्या नुकसानीचा पुरावा नाही म्हणून रक्कम रद्द करून प्रकरण परत पाठवलं. नोकरी गेली, काम हातचं सुटलं असं म्हणायचं असेल तर त्याचा कागद जोडावा लागतो.

पैसे परत देताना सलूनवाले कधी कधी एखाद्या कागदावर सही मागतात. 'रु. ५०० मिळाले' एवढ्यावर सही करा. 'माझी कोणतीही तक्रार नव्हती' असं लिहिलेलं असेल तर ती ओळ खोडून मगच सही करा, आणि त्या कागदाचा फोटो आपल्याकडे ठेवा.