नागपुरात भाड्याचं घर ठरवताना: मालकांच्या मेलला ओळीखाली उत्तर कसं द्यावं

मिहानमध्ये नोकरी लागली की मनीष नगर, खामला भागात घर शोधणं सुरू होतं. दोन घरं पाहून झाली की मालकांचा मेल येतो: डिपॉझिट किती देणार, कूलर कुठे बसवणार, गाड्या किती, घर कधीपासून हवं? त्यावर वरच्या वर "हो काका, चालेल" एवढंच लिहून पाठवू नका. ते "हो" डिपॉझिटला लागू धरलं गेलं, तर नंतर वाद तुम्हालाच घालावा लागतो. प्रत्येक प्रश्नाच्या खालीच त्याचं उत्तर लिहा.

जीमेलमध्ये, शक्यतो कॉम्प्युटरवर, रिप्लाय उघडला की खाली तीन ठिपके दिसतात. त्यांवर क्लिक केलं की मालकांचा मजकूर उलगडतो. प्रश्नाच्या शेवटी कर्सर ठेवून एंटर दाबा. नवी ओळही डावीकडच्या उभ्या रेषेच्या आतच राहते, आणि नेमकी इथेच चूक होते. तिथेच टाइप केलं तर तुमचं उत्तर मालकांच्याच मजकुरासारखं दिसतं. कधी तीन ठिपक्यांमागे दडूनही जातं आणि काकांना वाटतं, मेल कोराच आला. म्हणून त्या ओळीवर `Ctrl+[` दाबा. ओळ रेषेबाहेर आली की मगच लिहा. थंडरबर्डमध्ये एंटर दाबताच मूळ मजकूर आपोआप दुभागतो, तिथे ही कटकट नाही.

साध्या मजकुराच्या मेलमध्ये रेषेऐवजी `>` असतं. जितकी चिन्हं, तितका मजकूर जुना. दुसऱ्या फेरीत मालकांचं उत्तर असं येईल:

```
>> कूलर खिडकीत बसवणार का?
> हो. स्टँड आम्ही आणतो.
चालेल. पाणी पार्किंगमध्ये पडू नये.
```

प्रश्न मालकांचा, मधली ओळ तुमची, शेवटची पुन्हा मालकांची. चिन्हं हाताने खोडलीत तर कोण काय म्हणालं याचा मेळ लागत नाही.

रंगाचं म्हणाल तर उत्तराला गडद निळा बरा. लाल रंग दटावल्यासारखा वाटतो, पिवळा पांढऱ्यावर दिसत नाही. आणि दोघांनीही निळाच वापरला तर दुसऱ्याच फेरीत गोंधळ! मालकांनी निळा घेतला असेल, तर तुम्ही गडद हिरवा घ्या. मात्र फक्त रंगाच्या भरवशावर राहू नका. साध्या मजकुरात रंग उडतो आणि काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये सगळं सारखंच होतं. करारासोबत मेलची प्रिंट जोडणारे मालक कमी नाहीत. म्हणून प्रत्येक उत्तराआधी "भाडेकरू:" असं लिहा.

ज्या ओळींना उत्तर द्यायचं नाही त्या काढून टाका, पण प्रश्न अर्धा कापू नका. सगळ्यात वर एक ओळ लिहा: "काका, उत्तरं खाली प्रत्येक प्रश्नाखाली दिली आहेत." ही ओळ नसेल तर वरचा भाग रिकामा पाहून मालक मेल बंद करतात. पाठवण्याआधी तोच मेल स्वतःच्या पत्त्यावर पाठवून फोनवर उघडून बघा.