हायवेवर गाडी बंद पडली तर जागा नेमकी कशी सांगायची, त्याची निघण्याआधीची तयारी

वर्ध्याहून यवतमाळकडे निघालात आणि रात्री गाडी बंद पडली की फोनवर तोंडातून निघतं, "देवळीच्या पुढं, पंप गेला की थोडं". समोरचा माणूस दूर कुठंतरी कंट्रोल रूममध्ये बसलेला असतो, त्याला ना पंप माहीत ना देवळी, त्याला पाहिजे असतो रस्त्याचा नंबर आणि किलोमीटर. म्हणून निघण्याआधी कागदावर रस्त्याचा नंबर लिहून घ्या (या रोडचा ३६१) आणि खाली १०३३ लिहा, ही नॅशनल हायवेची हेल्पलाइन. कोणाला लागलं असेल तर १०८ किंवा ११२. जुन्या लोकांच्या तोंडी अजून "सहा नंबर", "सात नंबर" असतं, पण नागपूर-अमरावती आता ५३ आहे आणि नागपूर-हिंगणघाट-पांढरकवडा ४४, तेव्हा फोनवर नवाच नंबर सांगा.

मग रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड ओळखायला शिका. वरचा भाग पिवळा असेल तर नॅशनल हायवे, हिरवा असेल तर स्टेट हायवे. खरी गफलत पुढंच होते. दगडावर गावाचं नाव आणि मोठा आकडा असतो, "यवतमाळ ४०" वगैरे, ते गावाचं अंतर झालं, रस्त्याचा किलोमीटर नंबर नाही. तो नंबर रस्ता जिथून सुरू होतो तिथून मोजलेला असतो आणि दगडावर वेगळा लिहिलेला असतो, बऱ्याच ठिकाणी रस्त्याकडच्या अंगावर, त्यामुळं गाडीतून दिसत नाही, उतरून टॉर्च मारूनच वाचावा लागतो. टॉर्च गाडीत ठेवा, मोबाईलची बॅटरी फोन करायला लागते.

दोन किलोमीटर दगडांच्या मधे दर २०० मीटरला छोटे दगड असतात, त्यांच्यावर २, ४, ६, ८ एवढंच. २१४ च्या दगडानंतर आकडे वाढायच्या दिशेनं ४ चा दगड आला तर ती जागा २१४ किलोमीटर ४०० मीटर. सगळे दगड जागेवर असतील तर कुठल्याही ठिकाणापासून जवळचा दगड १०० मीटरच्या आतच सापडतो, पण पावसाळ्यानंतर तरोटा आणि गाजर गवत एवढं माजतं की छोटा दगड पूर्ण झाकला जातो, तेव्हा काठीनं गवत बाजूला सारून बघा, आणि चालताना डांबरावरून नाही, कडेच्या मातीवरून चाला.

आता दिशा, कारण इथं अख्खा एक किलोमीटर चुकतो. समजा तुम्ही जाताय त्या दिशेनं आकडे कमी होतायत. २१५ चा दगड मागं गेला, अर्धा किलोमीटर पुढं आलात आणि टायर फुटला. "२१५ सोडून ५०० मीटर पुढं आहे" असं सांगितलं की समोरचा २१५ किलोमीटर ५०० मीटर लिहून घेतो, तुम्ही खरं तर २१४ किलोमीटर ५०० मीटरवर आहात, म्हणजे मदतीची गाडी तुमच्यापासून बरोबर एक किलोमीटर लांब जाऊन शोधत बसते. म्हणून प्रवासात लागोपाठचे दोन दगड बघून आकडे वाढतायत की कमी होतायत ते सोबतच्याला लक्षात ठेवायला सांगा. बंद पडल्यावर मागचा छोटा दगड ६ चा आणि पुढचा ४ चा दिसला की समजायचं आकडे कमी होतायत, आणि आपण २१४ मधेच आहोत.

दगडच नसेल तर मोरी किंवा पूल शोधा. कठड्यावर २१४/२ असं रंगवलेलं असतं. याचा अर्थ २१४ किलोमीटर २०० मीटर नव्हे, तर २१४ व्या किलोमीटरमधली दुसरी मोरी. फोनवर "मोरी नंबर २१४/२" असंच म्हणा, "मोरी" शब्द गाळू नका.

चौपदरी झालेल्या रस्त्यावर जुने आणि नवे दोन्ही दगड उभे दिसू शकतात आणि त्यांचे आकडे जुळत नाहीत. अशा वेळी लागोपाठच्या दोन-तीन दगडांवर आकडे क्रमानं येतायत का ते बघा, एकट्या, वाकड्या, रंग उडालेल्या दगडावर भरवसा ठेवू नका.

फोनवर सांगायचं ते एका दमात असं: "नॅशनल हायवे ३६१, किलोमीटर २१४, ५०० मीटर, वर्ध्याहून यवतमाळकडे जाणारी बाजू, डाव्या कडेला पांढरी जीप, बाजूला पराटीचं वावर आहे." बाजू सांगायचीच, मधे डिव्हायडर असला की पलीकडून आलेल्या क्रेनला पुढचा कट गाठून वळून यावं लागतं. समोरच्याला आकडे परत म्हणायला लावा आणि ते ऐकूनच फोन ठेवा.